तळमजल्यावरचा स्विच आणि त्यातली न दिसणारी दारं

एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर भिंतीला टांगलेली एक छोटी रॅक आहे. तिच्यातल्या स्विचच्या ११ नंबरच्या पोर्टमध्ये परीक्षा विभागाच्या संगणकाची केबल आहे आणि १२ नंबरच्या पोर्टमध्ये संगणक लॅबमधल्या एका संगणकाची. दोन केबलींमध्ये बोटभर अंतर. तरीही लॅबमधल्या संगणकाला परीक्षा विभागाकडे काही पाठवायचं झालं, तर ते बोटभर अंतर त्याला ओलांडता येत नाही. डेटा आधी दोन मजले खाली, ऑफिसशेजारच्या खोलीतल्या मोठ्या स्विचकडे जातो. तिथे परवानगी असेल तरच तो त्याच केबलमधून पुन्हा दोन मजले वर येतो.

हे नेटवर्क मी उभं केलं. तिथल्या एका शिक्षकांनी मला विचारलं होतं, "शेजारी शेजारी केबल असताना हा एवढा वळसा कशासाठी?" त्यांना रॅकसमोर उभं करून जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर मांडतो. शाळा, दवाखाना, पतसंस्था, छोटा कारखाना, आज कुठेही पाहिलं तरी आतली रचना थोड्याफार फरकाने अशीच असते.

पूर्वी या महाविद्यालयात सगळे संगणक एकाच नेटवर्कमध्ये होते. संगणकांची एक सवय असते. समोरच्याचा पत्ता माहीत नसला की ते सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतात. तिला ब्रॉडकास्ट म्हणतात. लॅबमधल्या साठ संगणकांच्या हाका ऑफिसातल्या प्रत्येक संगणकाच्या कानावर पडत होत्या. त्याहून मोठी अडचण अशी, की लॅबमधल्या कुठल्याही विद्यार्थ्याला फी भरण्याच्या संगणकापर्यंत थेट पोहोचता येत होतं. म्हणून आम्ही व्हीलॅन केले. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचच्या आत आखलेली वेगवेगळी जाळी. हे पोर्ट ऑफिसचे, हे लॅबचे, हे सर्व्हरचे, असं स्विचला सांगितलं की एका व्हीलॅनची हाक दुसऱ्यात ऐकूच जात नाही. दोन स्विचना जोडणाऱ्या केबलमधून मात्र सगळ्या व्हीलॅनची रहदारी जाते. त्या जोडणीला ट्रंक म्हणतात, आणि तिथे प्रत्येक फ्रेमवर चार बाइटची एक खूण बांधली जाते: ही व्हीलॅन १० ची, ही २० ची. या खुणेचा नियम ८०२.१क्यू या नावाने १९९८ साली प्रसिद्ध झाला. खुणेत व्हीलॅनच्या क्रमांकासाठी १२ बिट आहेत, म्हणून १ ते ४०९४ एवढेच क्रमांक वापरता येतात.

आमच्याकडे ऑफिसला व्हीलॅन १०, लॅबला २० आणि सर्व्हरला ३० दिला. भिंती उभ्या राहिल्या, पण त्या फारच पक्क्या निघाल्या. लॅबमधल्या मुलांना प्रात्यक्षिकाच्या फायली सर्व्हरवर ठेवायच्या असतात. परीक्षा विभागाला त्याच सर्व्हरवरून निकाल काढायचा असतो. भिंतीत दार हवं होतं.

हे दार बसवायची जुनी पद्धत म्हणजे वेगळा राउटर आणून तो एका केबलने स्विचला जोडायचा. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणारी प्रत्येक गोष्ट त्या केबलने राउटरकडे जाते आणि त्याच केबलने परत येते. दहा-पंधरा संगणकांच्या ऑफिसात ही पद्धत अजूनही नीट चालते. पण साठ मुलांनी एकदम सर्व्हरवर फायली चढवायला घेतल्या की सगळ्या व्हीलॅनमधली ये-जा एका गिगाबिटच्या त्या एकाच केबलवर येऊन अडते. छोट्या राउटरचा प्रोसेसरही धापा टाकायला लागतो.

लेअर थ्री स्विच हा वळसा वाचवतो. साधा स्विच फक्त मॅक पत्ता पाहतो, म्हणजे नेटवर्क कार्डाला कारखान्यात मिळालेला क्रमांक. लेअर थ्री स्विचला आयपी पत्ताही वाचता येतो आणि कुठलं पॅकेट कुठल्या जाळ्याकडे जाणार हे ठरवता येतं. त्यासाठी त्याच्या आत प्रत्येक व्हीलॅनमागे एक काल्पनिक इंटरफेस तयार करतात. त्याचं नाव स्विच व्हर्च्युअल इंटरफेस, तोंडात बसलेलं नाव एसव्हीआय. स्विचच्या पुढच्या बाजूला कितीही निरखून पाहिलं तरी तो दिसणार नाही. त्याला भोक नाही, दिवा नाही, केबल नाही. पण त्याला स्वतःचा आयपी पत्ता असतो, मॅक पत्ता असतो, आणि त्या व्हीलॅनमधल्या प्रत्येक संगणकाला तो आपल्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या एखाद्या संगणकासारखाच वाटतो. संगणकात 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून जो पत्ता भरायचा, तो याच एसव्हीआयचा.

तळमजल्यावरच्या स्विचमध्ये आम्ही लिहिलं ते एवढंच. सिस्कोच्या पद्धतीचे स्विच अनेक ठिकाणी असतात, म्हणून आज्ञा त्या भाषेत देतो. इतर कंपन्यांचे शब्द थोडे वेगळे असले तरी कल्पना हीच.

```
ip routing
vlan 20
 name LAB
interface vlan 20
 ip address 192.168.20.1 255.255.255.0
 no shutdown
```

व्हीलॅन १० आणि ३० साठीही हेच, पत्ते `192.168.10.1` आणि `192.168.30.1`. पहिली ओळ एकदाच लिहायची, पण विसरली जाते ती तीच. पुष्कळ स्विचवर ती सुविधा मुळात बंद असते. ती बंद असली तरी एसव्हीआय बनतात, त्यांना पत्ते लागतात, प्रत्येक संगणकाला आपापल्या गेटवेचं पिंग लागतं, सगळं कसं नीट दिसतं. फक्त एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात काही जात नाही, कारण पॅकेट पुढे पाठवायचं काम आपलं आहे हे स्विचला कोणी सांगितलेलंच नसतं.

आता एक पॅकेट सावकाश जाताना पाहू. लॅबमधला संगणक `192.168.20.25`, सर्व्हर `192.168.30.10`. संगणक आधी आपला सबनेट मास्क लावून बघतो, की सर्व्हर माझ्याच जाळ्यातला आहे का. पहिले तीन आकडे जुळत नाहीत, म्हणजे नाही. मग तो सर्व्हरला शोधायच्या भानगडीत पडत नाही. तो गेटवेला शोधतो. '`192.168.20.1` कोणाचा?' अशी हाक तो व्हीलॅन २० मध्ये मारतो. ती ट्रंकमधून खाली येते, एसव्हीआय तिला उत्तर देतो आणि आपला मॅक पत्ता कळवतो. संगणक आता पाकीट तयार करतो. पाकिटावर बाहेरून एसव्हीआयचा मॅक पत्ता, आतल्या कागदावर मात्र सर्व्हरचा आयपी पत्ता.

तळमजल्यावरच्या स्विचला पाकिटावर स्वतःचाच मॅक पत्ता दिसतो. याचा अर्थ हे नुसतं पुढे ढकलायचं पाकीट नाही, उघडायचं आहे. तो आतला आयपी पत्ता वाचतो आणि आपल्या राउटिंग टेबलमध्ये पाहतो. तिथे ही ओळ असते:

```
C    192.168.30.0/24 is directly connected, Vlan30
```

ही ओळ कोणी हाताने लिहिलेली नाही. एसव्हीआयला पत्ता मिळाला आणि तो सुरू झाला की ती आपोआप येते. मग स्विच व्हीलॅन ३० मध्ये सर्व्हरला हाक मारतो, त्याचा मॅक पत्ता मिळवतो आणि जुनं पाकीट टाकून नवं करतो. बाहेर सर्व्हरचा मॅक पत्ता, पाठवणारा म्हणून व्हीलॅन ३० च्या एसव्हीआयचा. आतल्या कागदावरचे दोन्ही आयपी पत्ते जसेच्या तसे. फक्त टीटीएल नावाचा एक आकडा एकाने कमी होतो.

या टीटीएलकडे लोक फार कमी बघतात, आणि मला ते खटकतं, कारण नुसत्या पिंगमधून तो बरंच काही सांगून जातो. लिनक्सचा सर्व्हर ६४ ने सुरुवात करतो, विंडोजचा १२८ ने. आमच्या लिनक्स सर्व्हरचं उत्तर लॅबमध्ये `TTL=63` असं आलं, म्हणजे वाटेत एका ठिकाणी राउटिंग झालं. `TTL=64` आलं असतं, तर दोघं एकाच जाळ्यात आहेत, आपण आखलेली भिंत प्रत्यक्षात नाहीच, असा त्याचा अर्थ झाला असता.

पहिल्या वेळी सर्व्हरचा पत्ता शोधण्यात क्षण जातो, म्हणून पहिलं पिंग कधीकधी हुकतं आणि पुढची सगळी लागतात. तो बिघाड नव्हे. एकदा पत्ता कळला की स्विच तो आपल्या चिपमधल्या तक्त्यात उतरवतो आणि त्यानंतरची पॅकेट प्रोसेसरला न विचारता थेट चिपमधूनच जातात. लेअर थ्री स्विचचा वेग इथून येतो.

एसव्हीआय केबलशिवाय असतो हे खरं, पण तो स्वयंभू नसतो, आणि हे न कळल्यामुळे माणसं तासन्‌तास चुकीच्या जागी शोधत बसतात. एसव्हीआय जिवंत राहायला तीन गोष्टी लागतात. `vlan 20` असं लिहून तो व्हीलॅन स्विचमध्ये खरोखर बनवलेला हवा. इंटरफेस बंद करून ठेवलेला नको. आणि त्या व्हीलॅनचं निदान एक पोर्ट, मग ते संगणकाचं असो वा तो व्हीलॅन वाहून नेणारं ट्रंक असो, चालू स्थितीत डेटा पुढे पाठवत असलं पाहिजे. ज्या दाराच्या पलीकडे खोलीच नाही, ते दार स्विच उघडं ठेवत नाही. तो एसव्हीआय खाली घेतो आणि त्याबरोबर टेबलमधली ती `C` ची ओळही काढून टाकतो.

हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. अंगवळणी पडलं ते एका संध्याकाळी. महाविद्यालयाला वायफायसाठी नवा व्हीलॅन ४० हवा होता. दुसऱ्या मजल्याकडे जाणाऱ्या ट्रंकवर तोवर १० आणि २० ला परवानगी होती. मी त्या पोर्टवर जाऊन लिहिलं:

```
interface gi1/0/24
 switchport trunk allowed vlan 40
```

मला वाटलं, यादीत ४० ची भर पडली. प्रत्यक्षात या आज्ञेने जुनी यादी पुसून फक्त ४० ठेवला. भर घालायची तर `switchport trunk allowed vlan add 40` लिहावं लागतं. स्विचने ना इशारा दिला ना विचारलं, आज्ञा निमूटपणे पाळली. मिनिटभरात लॅबमधून फोन आला, सर्व्हर गेला. मी `show ip interface brief` पाहिलं:

```
Interface   IP-Address     OK? Method Status  Protocol
Vlan10      192.168.10.1   YES manual up      up
Vlan20      192.168.20.1   YES manual up      down
Vlan30      192.168.30.1   YES manual up      up
```

व्हीलॅन २० पडलेला, १० चालू. मी अर्धा तास २० च्याच मागे लागलो. पत्ता तपासला, इंटरफेस बंद करून पुन्हा सुरू केला. तेवढ्यात परीक्षा विभागाच्या बाई खाली आल्या. त्यांचाही संगणक चालेना. त्यांचा संगणक तर व्हीलॅन १० मध्ये, आणि १० पडद्यावर धडधाकट! तेव्हा उलगडा झाला. लॅबचे सगळे संगणक वरच्या मजल्यावर होते, त्यामुळे ट्रंकमधून २० गेल्यावर तळमजल्यावरच्या स्विचकडे त्या व्हीलॅनचं एकही जिवंत पोर्ट उरलं नाही आणि एसव्हीआय पडला. व्हीलॅन १० चे बरेच संगणक तळमजल्यावर थेट त्याच स्विचला जोडलेले होते, म्हणून त्याचा एसव्हीआय उभाच राहिला, आणि वरच्या मजल्यावरचे त्याचे दोन संगणक मात्र गुपचूप तुटले. दोन्हींचं कारण एकच होतं. `show interfaces trunk` ही आज्ञा आधी दिली असती, तर ते दहा सेकंदांत दिसलं असतं.

यादी पुन्हा `10,20,40` केली. तरी एसव्हीआय लगेच उठला नाही. त्या स्विचवर स्पॅनिंग ट्रीची जुनी पद्धत चालू होती. केबलींचा फेरा तर होत नाही ना, हे पाहायला ती १५ सेकंद ऐकते, १५ सेकंद शिकते, आणि मगच पोर्टमधून त्या व्हीलॅनचा डेटा जाऊ देते. ते अर्ध मिनिट संपलं तेव्हा `Vlan20` समोर पुन्हा `up` आलं. या वेळात धीर सुटून काही बदलू नये एवढंच.

म्हणून मी आता एसव्हीआय `up` दिसला की थांबत नाही. `up` याचा अर्थ कुठेतरी एक पोर्ट जिवंत आहे, एवढाच. सगळे संगणक पोहोचतायत असा त्याचा अर्थ होत नाही.

बिघाड शोधताना मी अडलेल्या संगणकावर बसून तीन पिंग करतो, आणि त्याच क्रमाने. आधी आपला गेटवे `192.168.20.1`. तो लागला नाही तर अडचण माझ्या बाजूला आहे: केबल, पोर्टचा व्हीलॅन, ट्रंक किंवा एसव्हीआय. मग पलीकडचा गेटवे `192.168.30.1`. तो लागला म्हणजे पलीकडचा एसव्हीआय चालू आहे आणि माझा संगणक गेटवेचा वापर बरोबर करतो आहे. शेवटी प्रत्यक्ष सर्व्हर. पहिली दोन लागली आणि हे तिसरंच अडलं, तर बहुतेक वेळा दोष त्या टोकाच्या यंत्रात निघतो. सर्व्हरचा गेटवे जुनाच राहिलेला असतो. तो निरोप ऐकतो, पण उत्तर कोणाकडे द्यायचं हे त्याला ठाऊक नसतं. लोक जाण्याची वाट तपासतात आणि येण्याची विसरतात. विंडोजच्या यंत्रांचा आणखी एक खोडा असतो. त्यांची फायरवॉल बऱ्याचदा फक्त स्वतःच्या जाळ्यातल्या पिंगला उत्तर देते. व्हीलॅन वेगळे केले त्या दिवशी 'कालपर्यंत लागणारं पिंग आज लागत नाही' अशी तक्रार आली, तर स्विचकडे जाण्याआधी तिकडे पाहावं.

लॅबमधल्या संगणकांना `169.254` ने सुरू होणारे पत्ते दिसू लागले, तर त्याचंही मूळ भिंतीतच असतं. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर व्हीलॅन ३० मध्ये आणि 'मला पत्ता द्या' ही हाक व्हीलॅन २० मध्ये. हाक भिंत ओलांडत नाही. त्यासाठी `interface vlan 20` खाली `ip helper-address 192.168.30.10` लिहितात. मग एसव्हीआय ती हाक स्वतः ऐकतो आणि सर्व्हरच्या नावाने थेट पत्र करून पाठवतो.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते आता. व्हीलॅन आपण सुरक्षेसाठी केले, आणि `ip routing` लिहिताच सगळी दारं सताड उघडली. लेअर थ्री स्विच मुळात कोणालाही अडवत नाही. लॅबमधून ऑफिसच्या संगणकापर्यंत जाता येतंय हे आमच्याही लक्षात राउटिंग सुरू केल्यावर आठवड्याने आलं. दारावर पहारा वेगळा बसवावा लागतो:

```
ip access-list extended LAB-IN
 deny ip 192.168.20.0 0.0.0.255 192.168.10.0 0.0.0.255
 permit ip any any
interface vlan 20
 ip access-group LAB-IN in
```

इथे `in` या शब्दावर पुष्कळांचा गोंधळ होतो. लॅबमध्ये जाणारी रहदारी असा त्याचा अर्थ लावला तर पहारा उलटा बसतो. आपण स्विचच्या जागी उभं राहायचं. लॅबच्या संगणकांकडून निघून एसव्हीआयमधून स्विचच्या आत येणारं ते `in`. शेवटची `permit` ची ओळ राहिली तर यादी बाकी सगळंच अडवते, कारण न लिहिलेली शेवटची ओळ नेहमी नकाराची असते. आणि हा पहारेकरी मागचं काही लक्षात ठेवत नाही. ऑफिसमधून लॅबच्या संगणकाला पिंग केलं तर ते पोहोचतं, पण त्याचं उत्तर लॅबकडून ऑफिसकडे जाताना याच नियमात अडकतं. ज्याला संभाषण कोणी सुरू केलं हे ध्यानात ठेवणारा पहारा हवा, त्याने ते काम फायरवॉलकडे द्यावं. लेअर थ्री स्विचचा तो पिंड नाही. इंटरनेटकडे जातानाचं पत्त्यांचं भाषांतरही साधारणपणे त्याच्याकडे नसतं. तिथे राउटर किंवा फायरवॉल लागतेच, आणि परतीच्या वाटेसाठी तिला या तिन्ही जाळ्यांचा रस्ता सांगून ठेवावा लागतो. एकाच व्हीलॅनमधल्या दोन संगणकांच्या आपसातल्या बोलण्यावर तर हा पहारा काहीच करू शकत नाही, कारण ते बोलणं एसव्हीआयपर्यंत येतच नाही.

तुमच्या शाळेचं किंवा संस्थेचं नेटवर्क कोणी बाहेरून येऊन उभारून दिलं असेल, तर त्यांच्याकडून एक कागद जरूर मागून घ्या. कुठला व्हीलॅन कोणाचा, त्याच्या एसव्हीआयचा पत्ता कोणता, कुठल्या ट्रंकवरून कुठले व्हीलॅन जातात, आणि कोणाला कोणाकडे जायची परवानगी आहे. आमच्या महाविद्यालयात तो कागद तळमजल्यावरच्या रॅकच्या दाराला आतून चिकटवला आहे, आणि ट्रंकच्या ओळीखाली लाल शाईने `add` लिहिलं आहे.